उद्यमबागचे टी-शर्ट, घामाचा वास आणि बाजारातले सुगंधी उपाय

माझा मुलगा उद्यमबागमध्ये मशीन शॉपला आहे. कंपनीचे टी-शर्ट पॉलिएस्टरचे आहेत. धुऊन घडी घातली की वास नसतो, पण अंगावर चढवून अर्धा तास झाला की काखेत तोच वास परत येतो. पावसाळ्यात तर विचारूच नका. आता बेळगावात कपड्यांवर मारायचा स्प्रे आणि मशीनमध्ये टाकायचे सुगंधी दाणे मिळतात. ते घेतले तर भागेल का, की आमच्या धुण्यातच काही चुकतंय?

ताई, चूक धुण्यात आहे आणि ती दुरुस्त होण्यासारखी आहे. स्प्रे आणि दाणे या कामाला उपयोगी नाहीत, उलट त्यांच्यामुळे खरं दुखणं आणखी काही महिने झाकून राहील. टिळकवाडीत माझी लॉन्ड्री आहे. उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांचे युनिफॉर्म आमच्याकडे धुवायला येतात, त्यामुळे तुम्ही लिहिलंय तो वास माझ्या रोजच्या ओळखीचा आहे.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे "अर्धा तास झाला की परत येतो". ताज्या घामाला अर्ध्या तासात एवढा वास येत नाही. घाम अंगातून निघतो तेव्हा त्याला जवळजवळ वासच नसतो. काखेतल्या ग्रंथींचा स्राव, त्वचेचं तेल आणि मेलेली कातडी कपड्यावर बसते. तिथले जिवाणू ते खातात आणि त्यातून आंबट आम्लं आणि गंधकाची काही संयुगं तयार होतात. ही संयुगं अगदी नखभर असली तरी नाकाला कळतात. म्हणजे अर्ध्या तासात येतो तो आजचा वास नसतो. तो मागच्या आठवड्यांचा साठा असतो, आणि अंगाची ऊब आणि ओल मिळाली की तो पुन्हा उठतो.

हा साठा पॉलिएस्टरमध्येच का राहतो? सुती धागा पाणी पितो, त्यामुळे धुताना साबणाचं पाणी त्याच्या आतपर्यंत जातं आणि मळ घेऊन बाहेर येतं. पॉलिएस्टर पाण्याला दूर ठेवतं, पण तेलाला धरून बसतं. त्यावर अंगाच्या तेलाचा पातळ थर चढतो आणि वासाची संयुगं त्या तेलात मुरतात. थंड पाण्यात पंधरा मिनिटांच्या 'क्विक वॉश'ला टाकलं की वरची धूळ आणि मीठ निघून जातं, तेलाचा थर मात्र जागच्या जागी राहतो. वाळल्यावर कपडा थंड आणि कोरडा असतो म्हणून वास लागत नाही, आणि आपल्याला वाटतं की धुणं झालं. घामाच्या जिवाणूंवर जे संशोधन झालंय त्यातही हेच दिसतं. वास करणाऱ्या काही जाती सुती कपड्यापेक्षा पॉलिएस्टरवर जास्त जोमाने वाढतात.

हे खरं आहे की नाही ते घरीच तपासा. धुऊन पूर्ण वाळलेला एक टी-शर्ट घ्या आणि उलटा करा. काखेच्या शिवणीवर कोमट पाण्याचे चार थेंब शिंपडा. त्यावर सुती रुमाल टाकून अगदी मंद इस्त्री दहा-पंधरा सेकंद दाबा. रुमाल उचलून लगेच वास घ्या. स्वच्छ कपड्याला फक्त गरम कापडाचा वास येतो. साठा असेल तर जुना आंबट वास, क्वचित कांद्यासारखा, सरळ नाकात जातो. आमच्याकडे युनिफॉर्म परत पाठवण्याआधी शंका आली की हेच करतात. कोरड्या कपड्याचा वास घेऊन निकाल देऊ नये, तो नेहमी फसवतो. उरलेल्या भागातही मी ही तपासणी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण धुणं जमलं की नाही हे सांगणारी याहून सोपी युक्ती मला माहीत नाही.

आता स्प्रे. बहुतेक चांगल्या स्प्रेमध्ये पाणी, थोडं अल्कोहोल, सुगंध आणि सायक्लोडेक्स्ट्रिन नावाची एक गोष्ट असते. सायक्लोडेक्स्ट्रिन स्टार्चपासून करतात. साखरेचे सात रेणू कडं करून जोडलेले असतात आणि मध्ये पोकळी राहते. स्प्रेच्या पाण्यात वासाचे रेणू विरघळले की त्यातले काही या पोकळीत शिरतात. पाणी वाळलं की ते तिथेच अडकतात आणि हवेत उडून नाकापर्यंत येत नाहीत. म्हणजे हा प्रकार निव्वळ सुगंधाने झाकण्याचा नाही, हे मान्य करायला हवं. वास खरोखर कमी होतो.

पण धरलेला वास कपड्यातून बाहेर जात नाही, तो कपड्यातच राहतो. तेलाचा थर, कातडी, जिवाणू सगळं जिथल्या तिथे असतं. पुन्हा अंगाला घाम आला, कपडा ओला झाला, की त्या कड्यांमधून काही रेणू सुटतात आणि सोबत नवा वासही तयार होत असतो. म्हणून सकाळी घरातून निघताना स्प्रे मारला, तर रेल्वे गेटपर्यंत बरं वाटतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीला मुलाच्या शेजारी बसणाऱ्याला मात्र सुगंध आणि घाम दोन्ही एकदम येतात. मशीन शॉपमध्ये तर त्यात कूलंटची, म्हणजे धातू कापताना मशीन थंड ठेवायला सोडतात त्या पाण्याचीही भर पडते.

सुगंधी दाण्यांची गोष्ट वेगळी आहे. हे दाणे बहुतेक पॉलिइथिलिन ग्लायकॉल नावाच्या मेणासारख्या पदार्थाचे असतात, आणि तो पदार्थ पाण्यात पूर्ण विरघळतो. त्यात अत्तराचं तेल मिसळलेलं असतं, शिवाय बऱ्याच दाण्यांत अत्तर भरलेल्या अतिशय बारीक कुप्या असतात. धुताना दाण्याचा मुख्य भाग विरघळून गटारात जातो. अत्तर आणि कुप्या कपड्यावर बसतात, आणि कपडा अंगावर घासला गेला की कुप्या फुटून सुगंध येतो. मळ काढणारं यात काहीच नाही. त्यांचं कामच सुगंध देणं आहे, आणि उत्पादकही ते डिटर्जंटबरोबर टाकायला सांगतात, त्याच्या जागी नव्हे.

तुमच्या टी-शर्टच्या बाबतीत एक अडचण जास्त आहे. अत्तर हे तेलकट असतं आणि पॉलिएस्टर तेलाला धरून बसतं हे वर सांगितलंच. साठा न काढता दाणे टाकत राहिलात तर जुना वास आणि अत्तर एकाच धाग्यावर थरावर थर बसतात. चार-सहा महिन्यांनी असे कपडे आमच्याकडे येतात तेव्हा त्यांचा वास गोड आणि आंबट असा मिसळलेला असतो, आणि तो काढायला साध्या घामाच्या वासापेक्षा जास्त मेहनत लागते. फॅब्रिक कंडिशनर तर याहून वाईट. तो धाग्यावर मऊ, मेणचट थर देतो आणि पुढच्या धुण्यात पाणी आत जायला आणखी अडतं. सध्या वापरत असाल तर या टी-शर्टपुरता आजच बंद करा.

आता काम. तुमच्याकडे पाच टी-शर्ट आहेत असं धरून सांगतो. एक साठा काढायची भिजवण, मग रोजचं धुणं.

भिजवणीसाठी दहा लिटर पाणी आणि टी-शर्ट दोन्ही मावतील अशी प्लास्टिकची बादली घ्या. पत्र्याची किंवा तांब्याची नको. घरात थर्मामीटर नसतो, म्हणून सोपा हिशेब असा: पाच लिटर उकळतं पाणी आणि पाच लिटर नळाचं पाणी एकत्र केलं की तापमान साधारण ६० अंशांच्या आसपास येतं. बंबाचं पाणी असेल तर तेही चालतं, फक्त हात घातल्यावर क्षणात काढावासा वाटला पाहिजे. आधी नळाचं पाणी ओता, मग उकळतं, आणि मुलं जवळपास असतील तर बादली मोरीत जमिनीवरच ठेवा.

या पाण्यात सोडियम परकार्बोनेट दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम टाका. याला दुकानात ऑक्सिजन ब्लीच म्हणतात. रंगीत कपड्यांसाठी डाग काढायची जी पावडर मिळते तिच्या पुड्यावरही हे नाव बहुतेक वेळा दिसतं. पाण्यात त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, ते वासाच्या संयुगांना मोडतं आणि जिवाणूंनाही आवर घालतं. थंड पाण्यात ते फार संथ चालतं, म्हणून ऊन पाण्याचा एवढा आग्रह. सोबत एन्झाइम असलेला डिटर्जंट एक मोठा चमचा टाका. पुड्यावर एन्झाइम असा शब्द शोधा. तेल सोडवायला लायपेज आणि कातडीच्या मळाला प्रोटीएज अशी दोन एन्झाइम लागतात. दोन्हींची नावं असतील तर उत्तम, नुसतं एन्झाइम लिहिलं असेल तरीही घ्या.

पावडर विरघळवून मगच टी-शर्ट उलटे करून बुडवा. त्याआधी शिवणीच्या आत एका कोपऱ्यावर थेंब टाकून रंग जातो का ते पाहा, आणि छातीवर रबरी छाप असेल तर तो आतल्या बाजूला येतोय याची खात्री करा. दोन तास राहू द्या. मध्ये एकदा काखेचा भाग हातात घेऊन चोळा. झाकण घट्ट लावू नका, कारण या पावडरीतून ऑक्सिजन वायू सुटतो. दोन तासांनी पाणी पाहा. पहिल्या खेपेला ते पिवळसर किंवा चहासारखं झालेलं दिसेल. मशीनमधून निघालेल्या "स्वच्छ" टी-शर्टमधून हे निघतं तेव्हा साठा किती होता ते समजतं.

भिजवलेले टी-शर्ट तसेच न सोडता, पाणी निथळून लगेच मशीनमध्ये नेहमीच्या डिटर्जंटवर पूर्ण लांबीच्या सायकलला लावा. फ्रंट लोड असेल तर ४० अंश, एक तासाच्या वरचं. टॉप लोडला बहुतेक हीटर नसतो, तिथे भिजवणीतल्या उष्णतेवरच काम होतं. शेवटी पाण्याचा एक जादा फेरा द्या. वाळल्यावर इस्त्रीची तपासणी करा. वास असेल तर दुसऱ्या दिवशी भिजवण पुन्हा. ज्यात ताणला जाणारा धागा जास्त आहे अशा कपड्यांना ६० अंश देऊ नका, त्यांना ४० अंशांत चार तास ठेवा. लोकर आणि रेशीम या पाण्यात अजिबात घालायचं नाही.

इथे दोन गोष्टी आवर्जून सांगतो. क्लोरीनचं ब्लीच यात मिसळू नका, आणि क्लोरीनचं ब्लीच व्हिनेगर किंवा कुठल्याही आम्लाजवळही नेऊ नका, त्यातून विषारी वायू निघतो. व्हिनेगरचा एक कप शेवटच्या पाण्यात टाकावा असं पुष्कळ जण सांगतात. साबणाचा अंश जायला त्याने थोडी मदत होते, पण तेलाचा थर त्याने निघत नाही. परकार्बोनेटच्या बादलीत तर तो टाकूच नका, दोन्हींचं काम बिघडतं.

कूलंटबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण मुलगा मशीनवर उभा असतो. पाण्यात मिसळलेलं तेल असलेलं कूलंट जुनं झालं की त्यातही जिवाणू वाढतात आणि कुजकट वास येतो. हा वास पोटावर आणि बाह्यांवर असतो, काखेत नाही. तसा डाग दिसला तर धुण्याआधी त्या जागी भांडी घासायचं लिक्विड दोन थेंब, अगदी थोड्या पाण्यात, बोटाने चोळा आणि दहा मिनिटं ठेवा. तेल त्यात सुटतं. तसं न करता टाकलं तर ते बाकीच्या कपड्यांवरही पसरतं. कारखान्याचे कपडे घरच्यांच्या कपड्यांबरोबर एकाच मशीनला लावू नका, असं मी सगळ्या आयांना सांगतो.

रोजचं धुणं यानंतर सोपं. आल्यावर टी-शर्ट पिशवीत कोंडून ठेवायचा नाही, दोरीवर पसरायचा. क्विक वॉश बंद. डिटर्जंट पुड्यावर लिहिलेल्या मापाइतका टाकायचा, फेस कमी आहे म्हणून जास्त आणि फेस येतोय म्हणून कमी असं नाही. बोअरचं पाणी वापरत असाल तर मात्र गोष्ट वेगळी. कडक पाण्यात डिटर्जंटचा एक भाग पाण्यातल्या चुन्याशीच खर्च होतो, मळापर्यंत कमी पोचतो. अनगोळसारख्या भागात नळाचं पाणी कधी येतं कधी नाही, आणि लोक बोअरचं चालवून घेतात. भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसत असेल तर तुमचं पाणी कडक आहे. मग पुड्यावर कडक पाण्यासाठी दिलेलं वरचं माप घ्या. पंधरा दिवसांतून एकदा हे टी-शर्ट परकार्बोनेटच्या भिजवणीत घाला, म्हणजे साठा पुन्हा बसत नाही.

मशीनच्या रबराकडेही बघा. फ्रंट लोडच्या दारातल्या रबराच्या घडीत बोट घालून पुसा. काळं, चिकट आलं तर तिथूनही वास कपड्यांना लागतोय. ते पुसून काढा, महिन्यातून एकदा मशीन रिकामं ठेवून सगळ्यात गरम सायकल चालवा, आणि धुणं झाल्यावर दार उघडं ठेवा.

पावसाळ्यात मात्र सगळं एवढ्यावर थांबत नाही. जून ते सप्टेंबर बेळगावात आणि त्याहून जास्त खानापूर-जांबोटीकडे कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात. धुतलेल्या कपड्यावर थोडे जिवाणू उरलेलेच असतात. ओल जितका वेळ राहील तितके ते वाढतात, आणि त्यातूनच तो ओलसर, दमट वास तयार होतो. त्यावर पुन्हा अंगाचा वास चढला की ओळखूच येत नाही काय काय आहे. इथे मोठी युक्ती काहीच नाही, ओल राहण्याचा वेळ कमी करायचा. धुणं संपल्यावर स्पिन दुसऱ्यांदा चालवा, त्याने निम्मा प्रश्न कमी होतो. पॉलिएस्टर पाणी फार धरत नाही, त्यामुळे एरवी जे त्याचं दुखणं आहे तेच इथे मदतीला येतं. दोन कपड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवा, दोरी भिंतीपासून दूर बांधा, आणि खालून टेबल फॅन लावा. पाच-सहा तासांत कोरडा झाला तर दमट वास बहुतेक येत नाही. काख आणि कॉलर शेवटी वाळतात, म्हणून टी-शर्ट हँगरवर उलटा टांगा. थोडी ओल राहिली असेल तर मंद इस्त्रीने कोरडं करून मगच कपाटात. ओला कपडा घडी घालून ठेवला की आधीचे सगळे कष्ट वाया.

आता स्प्रे कुठे वापरावा हेही सांगतो, कारण मी त्याच्या विरुद्ध नाही. लोकरी कोट, लग्नाचा ब्लेझर, पडदा, सोफ्याचं कापड, गाडीची सीट, जे दर वेळी पाण्यात घालता येत नाही आणि ज्याला फक्त फोडणीचा किंवा सिगारेटचा वास लागलाय, तिथे स्प्रे चांगला. वरवर शिंतोडे उडवून उपयोग होत नाही, कापड हाताला दमट लागेपर्यंत मारावा लागतो आणि मग हवेत पूर्ण वाळवावा लागतो. अंगाचं तेल लागलेल्या कॉलर किंवा काखेसाठी तिथेही ड्रायक्लीनच हवं. वडगाव-खासबागच्या मागांवरच्या रेशमी साड्यांना, जरीला तर नाहीच. रेशमावर पाण्याचे डाग पडतात आणि ते सहज निघत नाहीत. तशा साडीला सावलीत पंखा आणि हवा, गरज पडली तर जाणकाराकडून ड्रायक्लीन.

दाण्यांचंही तसंच. इस्त्रीच्या तपासणीत पास झालेल्या चादरी, परकर, पडदे यांना सुगंध हवा असेल तर टाका. ड्रममध्ये कपड्यांच्या आधी टाकायचे, साबणाच्या खणात नाही, तिथे चिकटून बसतात. ज्यांच्या घरात लहान बाळ आहे किंवा कुणाला त्वचेला खाज येते, त्यांनी सुगंध टाळलेला बरा.

आणि मुलाच्या टी-शर्टबद्दल शेवटचं. दोन भिजवण्या होऊनही इस्त्रीखाली तोच आंबट वास आला तर त्या टी-शर्टवर अजून पैसे घालवू नका. वर्षभर रोज घाम आणि कूलंट मुरलेला धागा कधीकधी सगळा साठा सोडत नाही. तो गॅरेज पुसायला ठेवा आणि मुलाला कंपनीत विचारायला सांगा, पुढच्या वेळी सुतीचं प्रमाण जास्त असलेलं कापड मिळेल का. नवीन टी-शर्ट आला की पहिल्या दिवसापासून वरची रोजची पद्धत लावा.